काचेपुरता रंग

रंगाच्या दुकानात सव्वीस वर्षं काउंटरवर उभा असलेला माणूस कधी रंगाचं नाव घेत नाही, हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला वाटलं, माणूस शिष्ट आहे. बाई यायची, म्हणायची, "मास्तर, ते पोपटीसारखं पण पोपटी नाही, असं काहीतरी दाखवा." मास्तर शेडकार्ड तिच्यापुढे पसरायचे आणि म्हणायचे, "तुम्ही बोट ठेवा." बाईनं बोट ठेवलं की खालचा आकडा वाचायचे. "चारशे बारा. किती लिटर?" आकडा यंत्राच्या कॉम्प्युटरमध्ये टाकायचा, यंत्र थेंब थेंब रंगद्रव्य पांढऱ्या डब्यात सोडायचं, डबा हलवणाऱ्या यंत्रात धडधडून निघायचा, झाकणावर रंगाचा एक टिपका आणि आकड्याचं लेबल. तक्रार नावाला नाही. लोक म्हणायचे, काय अचूक माणूस! मी म्हणायचो, काय खडूस माणूस!

आमचे शेजारीच ते. भिंतीला भिंत. त्यामुळे त्यांच्या घरातलं भांडण मला अर्धं ऐकू यायचं आणि उरलेलं अर्धं मी जाऊन विचारून घ्यायचो. पण त्या घरात भांडणं फार नव्हती. मास्तर बोलायचे कमी, आणि वहिनी त्यांच्या वाटचं बोलायच्या. "आमच्या यांना नुसतं भिंतीकडे बघून सांगता येतं, कुठला रंग मारलाय," असं त्या गल्लीभर सांगत. मास्तर मान खाली घालून बूट पुसत बसायचे. मला ती लाज विनयाची वाटायची. आता कळतं ते दुसरंच काहीतरी होतं.

दोन वर्षांपूर्वी वहिनींची अर्धशिशी बळावली आणि डोळ्यांना उजेड सोसेना. आधी नुसतं उन्हात जाणं बंद झालं, मग ट्यूबलाइट, मग फोनची पांढरी पाटी. डोळ्यांच्या डॉक्टरांनी गुलाबीसर काचांचा चष्मा दिला. खोलीला जाड पडदे लागले. बाईला वाचनाचं भयंकर वेड. जुन्या मासिकांची पानं कुणीतरी फोटो काढून पाठवायचं, ती फोनवर वाचत बसायच्या. ते बंद झाल्यावर त्यांचा चेहरा असा उतरला की मीसुद्धा चार दिवस टवाळी बंद ठेवली.

मदतीला आली त्यांची लेक. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढते. जिभेला आईसारखी, डोक्याला बापासारखी. एका संध्याकाळी त्यांच्या गच्चीवर आम्ही चहा पीत बसलो होतो. तिनं आईचा फोन घेतला, सेटिंग उघडलं, अ‍ॅक्सेसिबिलिटी नावाच्या भागात गेली आणि 'रंगांची उलटापालट' असं लिहिलेलं बटण चालू केलं. पांढरं पान काळं झालं, काळी अक्षरं पांढरी. वहिनींनी फोन हातात घेतला, एक ओळ वाचली, दुसरी वाचली, आणि काही न बोलता तिसरी वाचायला लागल्या. लेकीनं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

"हे डार्क का काय म्हणतात, ते ना?" मी ज्ञान पाजळलं.

"नाही काका. डार्क थीम काही अ‍ॅप ऐकतात, काही ऐकत नाहीत. आणि आईची पानं म्हणजे फोटो, ते पांढरेच राहतात. ह्यात सगळंच उलटं होतं."

सगळंच म्हणजे सगळंच. वहिनींनी नातवाचा फोटो उघडला आणि किंचाळल्या. पोराचा चेहरा निळसर, केस पांढरे, दात काळे. "अगं, हे काय भूत केलंस माझ्या सोन्याचं!"

"फोटो बघायचा असला की आवाजाची दोन्ही बटणं एकदम दाबून धरायची. मोज, एक, दोन, तीन. झालं सरळ. बघून झालं की परत दाबायची."

"आणि मी हा फोटो तुझ्या मावशीला पाठवला तर तिलाही काळे दात?"

"नाही गं. हे फक्त ह्या काचेपुरतं आहे. फोटो आहे तसाच आहे. तिकडे गोराच पोचणार."

वहिनींना पटेना. त्यांनी तिथल्या तिथे फोटो मला पाठवला. माझ्या फोनवर पोरगं गुलाबी गालाचं, पांढऱ्या दातांचं. मी म्हणालो, "वहिनी, भूत वाटेत उतरलं." सगळे हसले. मास्तरही हसले. लेकीचं ते वाक्य मास्तरांनी माझ्याबरोबरच ऐकलं होतं: काचेपुरतं आहे. माझ्या मनात ते अजून टोचतं, कारण पुढे सगळं तिथंच अडलं.

वहिनी डोकं दुखतंय म्हणून खाली गेल्या. लेक तशीच सेटिंगमध्ये बोट फिरवत होती. उलटापालटच्या शेजारीच 'रंग सुधारणा' असं होतं. तिनं सहज उघडलं. वर रंगीत पेन्सिलींचा नमुना, खाली पर्याय: दोन लाल-हिरव्यासाठी, एक निळ्या-पिवळ्यासाठी, एक सगळंच करडं करणारा. तिनं पहिला दाबला. नमुन्यातले रंग बदलले, मला तर ते बिघडल्यासारखेच वाटले.

मास्तर वाकून बघत होते. एकदम म्हणाले, "ह्या दोन तर एकाच रंगाच्या होत्या ना? आता वेगळ्या कशा झाल्या?"

लेकीचं बोट थांबलं. "कुठल्या दोन, बाबा?"

मास्तरांनी बोट ठेवलं. एक लाल होती आणि एक हिरवी.

मग तिनं तेच बटण बंद केलं, चालू केलं, बंद केलं. "आता सारख्या? आता वेगळ्या? आता?" मास्तरांनी तीनदा बरोबर सांगितलं. तिचे डोळे भरले आणि आवाज मात्र चढला. "बाबा, तुम्ही सव्वीस वर्षं रंग विकताय!"

"आकडे विकतोय," मास्तर म्हणाले.

त्या संध्याकाळी मास्तर जेवढं बोलले तेवढं मी आयुष्यात त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. शाळेत झाडाचं पान तपकिरी रंगवलं म्हणून मार खाल्लेला. नोकरीसाठी रंगाच्या दुकानात गेले तेव्हा खोकी उचलायची म्हणून गेले. थोरले मालक खूश झाले, काउंटरवर घेतलं. नाही म्हणायला तोंड झालं नाही. मग एकेक युक्ती. शेडकार्डं आकड्यानं पाठ. रंगाचा तुकडा कुणी आणला तर रंग मोजायचं यंत्र त्यावर टेकवायचं, ते आकडा सांगतं. स्वतःच्या डोळ्यानं कधी, एकदाही, रंग जुळवायचा नाही. लग्न झालं तेव्हा बायकोला सांगायचं ठरवलं होतं. पण तिनं पहिल्याच आठवड्यात माहेरी सांगितलं, आमचे हे रंगातले. मग राहिलं ते राहिलंच.

आता मात्र घोटाळा झाला होता. थोरले मालक घरी बसले होते, धाकटे मालक गादीवर आले होते आणि त्यांनी मालाचा हिशेब ठेवायला नवा प्रोग्राम घेतला होता. ज्याच्यापुढे लाल ठिपका तो माल संपत आला, मागवायचा; हिरवा ठिपका म्हणजे भरपूर आहे. मास्तरांना सगळे ठिपके एकच. दोनदा त्यांनी अंदाजानं मागणी टाकली आणि गोदामात प्रायमरचे डबे छतापर्यंत गेले. धाकटे मालक म्हणाले होते, "मास्तर, वय झालं असेल तर सांगा. आणखी एकदा असं झालं तर काउंटर दुसऱ्याला देईन." मास्तरांना काउंटरची भीती होती. पगाराचं काही नव्हतं, काउंटर जायला नको होता. सव्वीस वर्षं लोक ज्या ठिकाणी येऊन "मास्तर" म्हणतात, ती ही जागा.

लेकीनं डोळे पुसले आणि कामाला लागली. बापाच्या फोनवर लाल-हिरव्याचे दोन्ही पर्याय लावून बघितले. ज्यात दोन रंग जास्त वेगळे दिसतात तो ठेवला, जोर किती हवा त्याची पट्टी सरकवून अर्ध्याच्या थोडी पुढे ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मालक यायच्या आत दुकानात जाऊन तिथल्या कॉम्प्युटरवर रंगाचा फिल्टर लावला आणि तीन बटणं एकदम दाबली की चालू, परत दाबली की बंद, असं करून दिलं. बापाला बजावलं, "हे बघा, ह्यानं तुम्हाला दोन रंग वेगळे दिसतील. पण त्यातला एकही खरा रंग नाही. वेगळं आहे हे कळण्यापुरतंच. स्क्रीन बघून कार्डावरचा रंग जुळवायला जाऊ नका."

"मी कशाला जुळवतोय," मास्तर म्हणाले.

आणि मग माझ्याकडे वळून, "कुणाला बोलू नका हां. हिलासुद्धा नाही."

"माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं वाटतं का मास्तर?" मी विचारलं.

"नाही भिजत, म्हणूनच सांगतोय."

मी गळ्याला हात लावून शपथ घेतली. घेताना मनापासून घेतली.

दोन-तीन महिने मजेत गेले. मास्तरांची मागणी एकदम चोख. धाकटे मालक म्हणाले, "काय मास्तर, तरुण झालात!" मी मुद्दाम दुकानात जाऊन उभा राहायचो. गिऱ्हाईक कॉम्प्युटरच्या पडद्याकडे वाकलं की मास्तरांची तीन बोटं कशी गुपचूप बटणांवर जातात आणि बिघडलेले रंग कसे क्षणात शहाण्यासारखे होतात, हे बघायची फार गंमत वाटायची. मी डोळा मारायचो. मास्तर डोळे वटारायचे. म्हातारपणी माणसाला एखादं गुपित असावं, पायात बळ येतं.

मास्तरांना मात्र त्या काचेचं वेड लागलं. बसच्या पाट्यांचे फोटो काढायचे आणि सुधारणा लावून बघायचे. फळवाल्याच्या टोपल्यांचे फोटो. घरी येऊन मला दाखवायचे, "हे पिकलेलं, हे कच्चं. बरोबर?" बरोबर असायचं. "बघा!" साठीला टेकलेला माणूस टोमॅटोकडे बघून असा हरखलेला मी दुसरा पाहिला नाही. मी चिडवायचो, "मास्तर, आता रांगोळीचे क्लास काढा." तेव्हा त्यांना सावध करायला हवं होतं. पण सावध करण्यात मजा नसते हो, चिडवण्यात असते.

मग वहिनींच्या बहिणीनं एक जुना फोटो पाठवला. लग्नानंतर हे दोघं ज्या भाड्याच्या खोलीत राहिले तिथला. वहिनी तरुण, मांडीवर लेक, मागे फिकट हिरवी भिंत. वहिनींनी बटणं दाबून फोन सरळ केला, उजेड कमीत कमी ठेवला, आणि फोटो बघत राहिल्या. म्हणाल्या, "त्या भिंतीजवळ बसलं की डोकं कसं शांत असायचं. ही आताची पांढरी भिंत अंगावर येते माझ्या. अहो, तुम्ही एवढे रंगातले, मला हाच रंग मारून द्या ना."

इथं मास्तरांना चार वाटा होत्या. लेकीला फोटो दाखवायचा. मला दाखवायचा. दुकानातल्या कुठल्याही गिऱ्हाइकाला म्हणायचं, बोट ठेवा. नाहीतर बहिणीकडून मूळ फोटो मागवायचा. पण आयुष्यात पहिल्यांदा बायकोनं त्यांच्याकडे रंग मागितला होता आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातात रंग दाखवणारी काच होती. मास्तरांना स्वतःच्या डोळ्यानं निवडायचं होतं. मला त्यांचा राग येत नाही. मी असतो तर मीही तेच केलं असतं, वर चार लोकांना सांगितलंही असतं.

त्यांनी फोटो आपल्या फोनवर घेतला, सुधारणा चालू ठेवली, आणि शेडकार्डावर फोन टेकवून एकेक चौकोन जुळवत बसले. पण काचेतला हिरवा सुधारणेनं आधीच सरकवलेला, आणि कार्ड तर कागदाचं. कागदाला कुठली सुधारणा? फिकट हिरवा, फिकट गुलाबी आणि राखी, तिन्ही त्यांच्या डोळ्यांना जन्मापासून सख्खी भावंडं. जो चौकोन काचेतल्या रंगासारखा वाटला, त्याचा आकडा त्यांनी लिहून घेतला. नावं बारीक अक्षरात, इंग्रजीत, फुलांची न् फळांची. मास्तर नावं कधी वाचतच नसत.

वहिनींना वासाचाही त्रास, म्हणून त्यांना दोन दिवस लेकीकडे पाठवलं. आणि सुट्टीच्या दिवशी मास्तरांनी दार लावून स्वतः रोलर फिरवला. मी बाहेरून विचारलं, "मदत करू?" तर म्हणाले, "परवा बघायला या." एवढा उमाळा त्या आवाजात मी ऐकला नव्हता. लेकीनं आईला रिक्षातून दारात सोडलं आणि तशीच कामावर गेली. वर आली असती तर ही गोष्ट इथंच संपली असती.

वहिनी आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी गेलो. पडदे ओढलेले, खोलीत अंधार, वहिनी चष्मा लावून पलंगावर. मास्तर दुकानात गेलेले. वहिनी म्हणाल्या, "कसा वाटतो रंग? मला ह्या अंधारात चष्म्यातून करडाच दिसतो, पण हिरवा आहे म्हणून कालपासून कसं निवांत वाटतंय."

मला अंधारात नीट दिसेना. वहिनींनी डोळ्यांवर हात घेतला आणि म्हणाल्या, "पडदा बोटभर सरकवा हवा तर." मी सरकवला. उजेडाची पट्टी भिंतीवर पडली. भिंत गुलाबी होती. बाळाच्या टोपड्यासारखी गुलाबी.

हसू असं उसळलं की मी खोकल्याचं नाटक केलं. "छान आहे," म्हणालो. पडदा ओढला. जिन्यावर येऊन पोट धरून हसलो. तोवर काहीच बिघडलेलं नव्हतं. मास्तरांना बाजूला घेऊन सांगितलं असतं, दुसऱ्या सुट्टीला एक हात फिरवला असता. तेच करायला मी दुकानात निघालो होतो. खरंच सांगतो, तेच करायला.

दुकानात गेलो तर मास्तर आत डबा हलवत होते. काउंटरशी धाकटे मालक, दोन कंत्राटदार आणि एक बाई, सगळे कंटाळलेले. धाकटे मालक म्हणाले, "या काका, काय खबर?" चार रिकामे कान समोर असले की माझं काय होतं, ते मला ठाऊक आहे. मी ठरवलं, अर्धीच गोष्ट सांगायची. नाव नाही, कारण नाही. म्हटलं, "अहो, एका गृहस्थानं बायकोला हिरवी भिंत हवी म्हणून दार लावून, घाम गाळून भिंत रंगवली. कशी? गुलाबी! आणि बायकोला डोळ्यांचा त्रास, तिला पत्ताच नाही, ती बसलीय हिरव्या गारव्यात!" कंत्राटदार खदखदले. बाई पदर तोंडाला लावून हसल्या. मी रंगात आलो. "रंगाचा धंदा करणारा माणूस, बरं का!"

ते शेवटचं वाक्य नको होतं. पण वाक्य सुटल्यावर कळतं.

धाकटे मालक हसता हसता थांबले. हिशेबी माणूस. लाल-हिरवे ठिपके, छतापर्यंत गेलेले प्रायमरचे डबे, मास्तरांच्या बायकोचे डोळे, सुट्टीच्या आदल्या दिवशी मास्तरांनी घरासाठी नेलेला डबा. त्यांनी यंत्रावर त्या दिवशीची नोंद काढली आणि आकडा बघितला. तेवढ्यात मास्तर डबा घेऊन बाहेर आले.

मालकांनी फळीवरची दोन झाकणं घेतली. एकावर पिस्त्यासारखा टिपका, एकावर गुलाबी. लेबलांवर अंगठे ठेवले आणि पुढे धरली. "मास्तर, हिरवं कुठलं?" आवाजात छळ नव्हता. तेच वाईट होतं.

मास्तरांनी झाकणांकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी कुठं बघत होतो, आठवत नाही.

"लेबल दाखवा," मास्तर म्हणाले.

कुणी हसलं नाही. हलवायचं यंत्र तेवढं आत धडधडत होतं. मास्तरांनी हातातला डबा काउंटरवर ठेवला, पुसला, आणि समोरच्या कंत्राटदाराला म्हणाले, "तुमचा दोनशे सात. वीस लिटर." रंग बरोबर होता. झाकणावरचा टिपका मी बघितला होता.

धाकटे मालक वाईट नव्हते. त्यांनी मास्तरांना काढलं नाही, पगाराला हात लावला नाही. म्हणाले, "उद्यापासून गोदाम बघा. तिथं शांत आहे." लेक भांडायला गेली. मी तिच्या मागे दुकानाच्या पायरीवर उभा होतो, आत जायची हिंमत नव्हती. ती म्हणत होती, "सव्वीस वर्षांत एक रंग चुकला का? एक? आकडा, यंत्र आणि लेबल, ह्याच्यावर काम चालतं ना तुमचं? स्क्रीनसाठी फिल्टर आहे, तो मी लावून दिलाय. ते लपवून वापरत होते, उघड वापरू द्या. चुकले ते घरी चुकले, डोळ्यानं जुळवायला गेले म्हणून."

मालक म्हणाले, "ताई, तुमचं सगळं खरं आहे. आधी सांगितलं असतं तर मीच त्यांना मोठा पडदा घेऊन दिला असता. पण आता गावभर झालंय. गिऱ्हाईक येऊन हसतं. ज्याच्या हातून रंग घ्यायचा त्यालाच हसलं तर मी काय करू?"

गावभर झालं होतं खरं. तिसऱ्या दिवशी भाजीवालीनंच मला सांगितलं, "ऐकलं का, तो रंगवाला अख्खा आंधळा आहे म्हणे, हातानं चाचपून डबे देतो!" माझीच गोष्ट, दोन शेंगा जास्त घालून मला परत मिळाली. मी म्हणालो, "असं काही नाही गं." ती म्हणाली, "तुम्हाला नसेल माहीत." आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला असं म्हटलं असेल.

वहिनींना कुणी सांगितलं, ते कळलं नाही. एका दुपारी त्यांनी स्वतः पडदा पूर्ण बाजूला सारला, चष्मा काढला, आणि भिंत बघितली. लेक सांगत होती, पुरती दहा मिनिटं बघत होत्या. मग दोन दिवस उलट्या आणि ठणका. मी बाहेरून चौकशी केली तर आतून वहिनींचा आवाज आला, "मला वाटायचं, ह्यांना कपड्यांची हौस नाही. एवढी वर्षं त्यांचे शर्ट मी निवडले आणि वर कुरकुरले. सांगायचं होतं हो मला. मी काय हसले असते?" मग थोडं थांबून, "हसले असते कदाचित. पण घरात."

ते 'घरात' माझ्यासाठी होतं.

मी माफी मागायला चार वेळा गेलो. दर वेळी वाक्य घोकून गेलो आणि दर वेळी मास्तरांसमोर पाण्याची टाकी, बसचा संप, गुडघे, असलंच काहीतरी बोलून आलो. मास्तर नीट उत्तरं द्यायचे. चहा द्यायचे. फोन मात्र माझ्यासमोर बाहेर काढत नसत. टोमॅटो दाखवणं तर संपलंच. गोदामात म्हणे त्यांचं काम उत्तम चाललं होतं. पडद्यावर फिल्टर दिवसभर उघडपणे चालू, एक डबा इकडचा तिकडे नाही. काउंटरवर एक मुलगी आली होती. ती रंगांची नावं घ्यायची, फुलांची, फळांची, समुद्राची. लोकांना आवडायचं.

महिन्याभरानं लेकीनं सुट्टी काढली. बहिणीकडून मूळ फोटो टपालानं मागवला, दुकानातल्या रंग मोजायच्या यंत्राखाली त्यातली भिंत धरली, आणि आकडा घेऊन आली. जुना फोटो, रंग उडालेला, म्हणून तिनं कार्डावरचे त्याच्या आसपासचे तीन चौकोन आईला, मला आणि खालच्या मजल्यावरच्यांना दाखवले. वहिनींनी चष्मा क्षणभर वर करून एकावर बोट ठेवलं. भिंत पुन्हा रंगवली गेली. ह्या वेळी दार उघडं होतं. रोलर मास्तरांनीच फिरवला, कुणाला हात लावू दिला नाही. मी दारात स्टूल टाकून बसलो होतो, मदत म्हणून नाही, उपयोग म्हणूनही नाही. जावंसं वाटत नव्हतं, एवढंच.

संध्याकाळी दुसरा हात झाला. मास्तर दोन पावलं मागे आले. भिंतीकडे बघत राहिले. पूर्वीच्या आणि आताच्या भिंतीत त्यांना काय फरक दिसत असेल, मला कळेना. कदाचित काहीच नाही. मग मान न वळवता त्यांनी विचारलं, "झाली का हिरवी?"

"झाली मास्तर," मी म्हणालो. "अगदी फोटोतल्यासारखी." आणि मग घोकलेलं वाक्य एकदाचं घशाशी आलं. "मास्तर, त्या दिवशी मी—"

"तुम्ही म्हणता म्हणजे झाली असेल," मास्तर म्हणाले, आणि रोलर धुवायला मोरीत गेले. नळाचं पाणी बराच वेळ वाहत होतं. मी स्टुलावर बसून होतो. थोड्या वेळानं लेक आली आणि म्हणाली, "काका, वास फार आहे, आईची खोली बंद करतेय." मग मी उठलो.